तीन नंबर, एकच आवाज

प्रवेश विभागातल्या बाईंना पोरं मागून भिंगबाई म्हणायची आणि बाईंना ते माहीत होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्याकडचं डोळ्याला लावायचं एक जुनं भिंग बाईंनी एकवीस वर्षांपूर्वी ऑफिसात आणलं, ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कायमचं मुक्कामाला राहिलं. दाखल्यावरचा शिक्का, तारखेतला आकडा, मुख्याध्यापकांची सही, सगळं त्या भिंगाखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

मुळात बाई काही संशयी नव्हत्या. नोकरीला लागल्या तेव्हा समोर येईल तो कागद खरा मानायच्या. तिसऱ्या वर्षी एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी तपासून पास केला. त्यातली जन्मतारीख खोडून नव्याने लिहिली होती. ते दीड वर्षाने उघडकीला आलं आणि मुलाचा प्रवेश रद्द झाला. तेव्हाच्या साहेबांनी बाईंना नोटीस दिली, तिचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण तो मुलगा खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला होता, "दाखला वडिलांनी आणला होता, मला माहीत नव्हतं. पण तुम्ही तरी तेव्हाच सांगायचं होतंत. मी दुसरीकडे गेलो असतो. आता दोन वर्षं गेली." दुसऱ्याच दिवशी भिंग आलं.

मग ती सवय ऑफिसापुरती राहिली नाही. दूधवाल्याचं माप त्या डोळ्यांनी मोजायच्या. भाजीवाल्याने आपणहून जास्तीची एक जुडी टाकली तर आधीच्या चार जुड्या उलटसुलट करून बघायच्या. नवरा नेमका उलटा. गिऱ्हाईक म्हणालं उद्या पैसे देतो, की हा मान डोलावून घड्याळ हातात देणार. "तुझ्या वाटचा विश्वास मी ठेवतो, माझ्या वाटचा संशय तू घे," असं तो म्हणायचा. तीस वर्षं संसार या वाटणीवर नीट चालला होता.

त्या वर्षी प्रवेशाची तिसरी आणि शेवटची फेरी होती. यादी सोमवारी लागली. जागा मिळालेल्या मुलांनी गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन कॉलेजात यायचं, तपासणी करून घ्यायची, फी भरायची, की प्रवेश पक्का. पाचनंतर खिडकी बंद आणि संगणकावरची यादीही बंद. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणी आलं नाही तर ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जायची. शेवटच्या फेरीनंतर मात्र पुढची फेरीच नाही. मग रिकामी राहिलेली जागा कॉलेजच्या ताब्यात येणार आणि कॉलेज ती आपल्या पातळीवर भरणार. त्या जागांसाठी कोण कोण साहेबांच्या केबिनबाहेर बसून असतं, हे बाई दरवर्षी बघत होत्या.

बुधवारी सकाळी साठांपैकी सात जण यायचे बाकी होते. दरवर्षीप्रमाणे बाईंनी एकेकाला फोन लावायला घेतला. पहिले दोघं वाटेत होते. तिसऱ्याच्या आईने तापाचं सांगितलं, उद्या नक्की येतो म्हणाली. चौथा नंबर एका मुलीचा. पुरुषाने उचलला.

"कॉलेजमधून बोलतेय. मुलगी आहे का?"

"मी तिचा काका. उद्या येतोय आम्ही." मागे कसलंसं यंत्र करकरत होतं आणि कोणीतरी म्हणत होतं, दोन्ही बाजूंनी काढा.

पाचवा नंबर एका मुलाचा. नंबर वेगळा, आवाज तोच.

"मी त्याचा मोठा भाऊ. उद्या येतोय आम्ही."

मागे तेच करकरणं. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या संगणक ऑपरेटरला हाक मारून दोन्ही फोनांचं सांगितलं. ही तिशीची मुलगी, कामाला चलाख आणि बोलायला त्याहून चलाख.

"तुझ्या मोबाइलवरून हा सहावा नंबर लाव. स्पीकरवर ठेव. आणि तू बोल."

ऑपरेटर गोड आवाजात बोलली. पलीकडून पुन्हा तोच आवाज आला, "मी मुलाचा बाप बोलतोय. उद्या येतोय आम्ही." फोन ठेवल्यावर ऑपरेटर म्हणाली, "बाई, याचं कुटुंब मोठं दिसतंय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही अर्ज उघडले. तिघांचे गुण उत्तम. पहिल्या दोन फेऱ्यांत तिघांनाही काही मिळालेलं नव्हतं, कारण पसंतीक्रमात दोन-दोनच कॉलेजं भरली होती आणि तीही त्यांच्या गुणांच्या आवाक्याबाहेरची. तिसऱ्या फेरीत मात्र तिघांनीही पहिली पसंती याच कॉलेजला, याच शाखेला दिली होती. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप पक्की होते. तिघांची जागास्वीकृतीची रक्कम सोमवारीच, दहा मिनिटांच्या अंतराने भरलेली होती.

रक्कम भरून जागा अडवायची आणि नंतर यायचंच नाही. म्हणजे गुरुवारी पाचला तीन जागा आयत्या कॉलेजच्या हातात. इथे पाणी मुरत होतं, पण कोणाकोणाच्या अंगणात, हे कळायला मार्ग नव्हता.

बाई रजिस्ट्रार साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. तोलूनमापून बोलल्या. "साहेब, काही मुलांचे फोन जरा विचित्र वाटतायत. नंबर त्यांचे नसावेत. घरी निरोप पाठवावा म्हणते."

साहेबांनी फायलीतून मान वर केली नाही. "ज्यांना यायचंय ते येतील, बाई. तीन जागांसाठी एवढी धावपळ कशाला? उद्या पाचला यादी बंद करा."

बाई "बरं" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. यायचे बाकी होते सात. तीन हा आकडा त्यांनी तोंडातून काढला नव्हता.

टेबलाशी येऊन त्यांनी तिन्ही अर्ज पुन्हा उघडले. साहेबांनी सहज म्हटलं असेल, असं मनाला समजावून पाहिलं, पटलं नाही. मग ऑपरेटरकडे पाहिलं. ती मघाशी चहाला गेली होती, तेव्हा केबिनवरूनच गेली असणार. हिने तर सांगितलं नसेल? त्यांनी तिन्ही अर्जांवरचे पत्ते आपल्या वहीत हाताने उतरवून घेतले. प्रिंट काढली असती तर ऑपरेटरला दिसलं असतं.

ऑफिस सुटल्यावर त्या बसने निघाल्या. पहिला पत्ता मुलीचा होता. चार मजली चाळवजा इमारत, जिन्यात सायकली साखळीने बांधलेल्या. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते मुलीच्या आईने. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, नुकतीच दिवसपाळी संपवून आली होती; हाताची बोटं पाण्याने पांढरी पडलेली. दार तिने साखळीएवढंच उघडलं.

"कॉलेजातून आलेय. तुमच्या मुलीला जागा लागली आहे. उद्या पाचपर्यंत यायला हवं."

"आम्हाला काही लागलेलं नाही," आई म्हणाली. "फॉर्मवाल्याने सांगितलंय. तिन्ही फेऱ्या गेल्या."

"कोण फॉर्मवाला?"

"शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. सगळ्या वर्गाचे फॉर्म त्यानेच भरले. आणि तो म्हणालाय, कॉलेजातून कोणी घरी आलं तर दारात उभं करू नका. जागा देतो म्हणून पैसे मागतात."

बाईंनी पर्समधून ओळखपत्र काढून फटीतून पुढे धरलं. आईने ते हातात न घेता वाचलं.

"असलं कार्ड त्याच्याच दुकानात कोणीही करून घेतं. आमच्या शेजारणीचं त्यानेच केलंय."

एकवीस वर्षं त्या खिडकीच्या आतून लोकांना हेच सांगत आल्या होत्या. आज दार दुसऱ्याचं होतं आणि त्या बाहेर उभ्या होत्या. राग यायला हवा होता. पण ही बाई आपल्या ऑफिसात असती तर बरं झालं असतं, असंच त्यांच्या मनात आलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. मी पैसे मागत नाही, कागद मागत नाही, आतही येत नाही. उद्या सकाळी दहाला सरकारी कॉलेजातल्या मदत केंद्रावर जा. तिथे माझं कोणी नाही. मुलीचं ओळखपत्र न्या आणि सांगा, अर्जावरचा मोबाइल नंबर आमचा नाही, तो बदलून द्या आणि नवा पासवर्ड करून द्या. मग मुलीने स्वतः उघडून बघायचं. जागा नसली तर मी खोटी."

आईच्या मागे मुलगी येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, "कुठली शाखा लागल्येय?"

बाईंनी शाखेचं नाव सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, हेच मी त्याला पहिल्या फेरीत पहिलं टाकायला सांगितलं होतं."

"तू गप्प बस," आई म्हणाली. मग बाईंकडे वळून, "पासवर्ड त्याच्याकडेच आहे, हे खरं. आम्हाला कधी दिला नाही. मूळ कागदही मागत होता सांभाळायला. मी नाही दिले. झेरॉक्स दिल्या."

"फार बरं केलंत."

"ते मी तुमच्यासाठी नाही केलं," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या पत्त्यावर मुलगा घरीच भेटला. त्याने महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या शहरात औषधनिर्माणाला प्रवेश घेतला होता आणि सामान बांधत होता. आपल्या नावाने इथे जागा अडवली आहे, हे त्याला बाईंकडूनच कळलं. त्याचाही अर्ज त्याच दुकानात भरलेला. बाईंनी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं, खाली तारीख-वेळ घालायला लावली. तिसऱ्या पत्त्यावर कुलूप होतं. शेजारी म्हणाले, ते लोक घर सोडून गेले. कुठे, कोणाला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "येतील त्या दोघी."

"तुझं काय, तुला सगळेच येतील असं वाटतं."

गुरुवारी ताप आलेला मुलगा आला, वाटेतले दोघे बुधवारीच येऊन गेले होते, ज्याला फोनच झाला नव्हता तो सातवाही धापा टाकत पोहोचला. बारा वाजले, एक वाजला. बाई मान वर करून दाराकडे बघत आणि पुन्हा खाली घालत. दोन वाजता एक नवीनच शंका डोक्यात शिरली: आईलाच तर दुकानदाराने बांधून घेतलं नसेल? मुलीची जागा सोडायचे पैसे घेतले असतील, म्हणून तर दारात एवढी अडून बसली होती. पण मुलीचा प्रश्न आठवला आणि ती शंका बाजूला राहिली. पूर्ण गेली मात्र नाही. तीनला साहेब खिडकीवरून चक्कर मारून गेले. जाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

चारला दहा कमी असताना त्या दोघी आल्या. आईच्या काखेत फाइल घट्ट धरलेली.

"केंद्रावर रांग होती," मुलगी म्हणाली. "नंबर बदलायला लेखी अर्ज द्यावा लागला. त्यांनी दहावीचं ओळखपत्र, फोटो, सगळं जुळवून पाहिलं. मग आईच्या फोनवर कोड आला."

"जागा आहे," आई म्हणाली. एवढंच. चुकलं म्हणाली नाही, आभारही मानले नाहीत. जागा मिळाल्याच्या पत्राची प्रिंट तिने टेबलावर ठेवली. "पण ही स्वीकृतीची रक्कम भरलेली दिसतेय, ती आम्ही भरली नाही. ते आमच्या अंगावर येईल का?"

"हे आत्ताच्या आत्ता लिहून द्या, तसंच. त्याची एक प्रत तुमच्याकडे ठेवा."

मग बाईंनी मूळ कागद मागितले आणि ड्रॉवरमधून भिंग काढलं. ऑपरेटर कुजबुजली, "बाई, आज तरी राहू द्या. पन्नास मिनिटं उरलीत."

"आजच तर हवंय."

दोन्ही गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला. एकेक कागद झेरॉक्सशी ताडून बघताना आई टेबलावर वाकून बाईंच्या बोटांवर नजर ठेवून होती. एखादा कागद बदलला जातोय का, ते बघत. दाखल्यावर आईच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती, गुणपत्रिकेवर दीर्घ. बाईंनी हमीपत्राचा कोरा नमुना काढला. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं आईकडून लिहून घेतलं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपायला आठ दिवस होते, म्हणजे फी सवलतीला तो चालत होता. चार वाजून पंचवीस मिनिटांनी बाईंनी कागदपत्रं पडताळल्याची खूण केली.

राहिली फी. फीच्या खिडकीवर गेल्या तर पडदा ओढलेला.

"रोखपालांना साहेबांनी चारला बँकेत पाठवलं," शिपाई म्हणाला.

बाईंनी केबिनच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं. तिथे जाऊन वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. त्या मुलीला म्हणाल्या, "तुझ्या लॉगिनमधूनच फी भरता येते. कॉलेजचा पहिला हप्ता. आईचं बँकेचं कार्ड आहे ना?"

आईने कार्ड काढलं, पण मुलीच्या हातात देईना. "ही साइट खरी कशावरून?"

"वरचा पत्ता वाच," बाई मुलीला म्हणाल्या. "सकाळी केंद्रावर त्यांनी जो कागद दिला, त्याच्यावर छापलाय. अक्षर न् अक्षर जुळव."

मुलीने मोठ्याने वाचलं. आईने कागदावर बोट फिरवत ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मुलीने पुन्हा वाचलं. ऑपरेटर घड्याळाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत होती. चार चव्वेचाळीसला कार्डाचे आकडे घातले. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं.

"गेले का पैसे?" आईने विचारलं.

"कोणी हात लावू नका," ऑपरेटर म्हणाली. "पान ताजं केलं तर दोनदा कापले जातील."

चार सत्तेचाळीसला आईच्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला आणि मागोमाग पावती आली. ऑपरेटरने तेवढ्यात दुसऱ्या संगणकावर मुलीचं पान उघडून ठेवलं होतं. बाईंनी पावतीचा क्रमांक एकदा, दोनदा ताडून पाहिला आणि प्रवेश पक्का केल्याचं बटण दाबलं. चार बावन्न झाले होते. ऑपरेटरने तीन प्रती काढल्या. चहाच्या वेळी केबिनवरून गेली म्हणून हिच्यावर आपण संशय घेतला होता, हे बाईंना आठवलं. त्यांनी तिला नुसतं "बस जरा" म्हटलं. एवढं बोलणंही त्यांच्याकडून नेहमी होत नसे.

आईने पावती खालपासून वरपर्यंत वाचली, शिक्का बघितला, सहीवर अंगठा फिरवून शाई ओली आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "काल पाणीसुद्धा विचारलं नाही तुम्हाला."

"मी असते तर दारही उघडलं नसतं."

पाच वाजता यादी बंद झाली. मुलाने आधीच दुसरीकडे प्रवेश घेतल्यामुळे त्याची जागा आणि कुलूपबंद घराची जागा, अशा दोन रिकाम्या राहिल्या. साहेब बाहेर आले, यादी पाहिली, म्हणाले, "छान, अठ्ठावन्न झाले म्हणायचे." चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. बाईंनी त्या रात्रीची झोप नीट घेतली आणि शुक्रवारी सकाळी सगळा प्रकार चार पानांत लिहून प्रवेश प्राधिकरणाकडे स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. साहेबांच्या टेबलावरून तो कागद त्यांनी जाऊ दिला नाही.

पुढच्या पंधरवड्यात त्यांची बदली ग्रंथालयाच्या भांडारात झाली. आदेशात "प्रशासकीय सोय" लिहिलं होतं. प्राधिकरणाने त्या दोन जागा मात्र कॉलेजला भरू दिल्या नाहीत. गुणवत्ता यादीतल्या पुढच्या दोघांना बोलावून दिल्या. झेरॉक्सवाल्याच्या संगणकात एकोणतीस मुलांचे पासवर्ड मिळाले. त्याने तोंड उघडलं, पण कोणाच्या सांगण्यावरून केलं ते नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. साहेबांवर काही सिद्ध झालं नाही. ते वर्षअखेरीस निवृत्त झाले. बाईंचा त्यांच्यावरचा संशय तसाच राहिला आणि तो तसाच राहणार हे त्यांनी मान्य करून टाकलं.

चौकशी समितीने बाईंनाही बोलावलं. तीन माणसं, लांब टेबल. सगळं विचारून झाल्यावर मधल्या सदस्याने चष्मा काढला.

"बाई, एक सांगा. त्या माणसाच्या तीन नंबरांपैकी दोन नंबरांवर तुमच्या टेबलावरून फोन गेलेत. तिसऱ्यावर तुमच्या ऑपरेटरच्या मोबाइलवरून. विद्यार्थ्यांच्या घरी तुम्ही कोणाला न सांगता गेलात. पत्ते हाताने उतरवलेत, प्रिंट काढली नाहीत. तुमचं त्या माणसाशी आधी काही ठरलं होतं आणि नंतर फिसकटलं, असं आम्ही का समजू नये?"

शेजारचा सदस्य अवघडून खुर्चीत हलला. बाई मात्र सरळ बसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना ही समिती नीट काम करतेय असं वाटलं.

"विचारायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही विचारणारच नाही." आणि त्यांनी पर्समधून बसची दोन तिकिटं, मुलाचा जबाब, पोचपावती आणि वहीचं ते पान काढून एकेक करून टेबलावर मांडलं. मूळ कागद त्यांनी हातातून सोडले नाहीत. झेरॉक्स तेवढ्या समितीकडे सरकवल्या.